मुलाखतीनंतर मागितलेलं स्टेटमेंट आणि पेपरची यादी, चौथ्या नंबरच्या पेपरचं काय करू?

दिंडोरीची_पोर:
परवा पुण्यात रिसर्च असोसिएटच्या पोस्टचा इंटरव्ह्यू झाला, प्रोजेक्ट द्राक्षावरच्या डाउनी रोगाचा. उठताना पॅनलमधल्या मॅडम म्हणाल्या, एक पानाचं रिसर्च स्टेटमेंट आणि पब्लिकेशन लिस्ट मेल करा. माझे तीन पेपर आहेत, लेखकांच्या नावांत एकात मी पहिली, एकात चौथी, तिसरा अजून रिव्ह्यूमध्ये. चौथ्या नंबरच्या पेपरात तुझं काम काय असं विचारलं तेव्हा मी गडबडले. ते आता मेलमध्ये नीट सांगू का? आणि रिव्ह्यूतला पेपर लिस्टमध्ये टाकायचा का?

पंचवटीकर:
काहीच खुलासा करू नका. सरकारी संस्थेची जाहिरात असेल तर खाली बघा, कोणत्याही प्रकारे वशिला लावायचा प्रयत्न केला तर उमेदवारी रद्द असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी मार्कांची शीट त्याच दिवशी सह्या होऊन बंद होते. माझ्या भाच्याने इंटरव्ह्यूनंतर तीन मेल टाकले, एकालाही उत्तर आलं नाही. मागितलंय तेवढं द्या, एक शब्द जास्त नको.

सातपूर_लाईन:
मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे इंटरव्ह्यू झाला की त्याच संध्याकाळी थँक्यू मेल टाकायचा आणि पगाराचं काय ते पण विचारून घ्यायचं, एचआरला आवडतं. मी तसंच केलं आणि लागलो. स्टेटमेंट वगैरे कोण वाचतं, बायोडेटा परत जोडा बास.

लॅबवाली_ताई:
सातपूरकर दादा, कंपनीत तसं चालत असेल, पण इथे मॅडमनी स्वतः दोन कागद मागितलेत, ते कागद हेच उत्तर आहे. पगार तर प्रोजेक्टच्या पोस्टला जाहिरातीतच दिलेला असतो.

दिंडोरीच्या पोरी, मी बरीच वर्षं अशा पॅनलवर बसलेय म्हणून सांगते. मेल चार ओळींचा ठेव, ज्या मेलवर बोलावणं आलं होतं त्यालाच रिप्लाय कर म्हणजे पोस्टचा नंबर आणि तारीख आपोआप खाली राहते, नवीन मेल केला की शोधाशोध होते. दोन पीडीएफ वेगळ्या, आणि फाईलच्या नावात आडनाव, `Statement_Final_new2.pdf` असलं नको, आमच्याकडे एका दिवसात अशा दहा फाईली डाउनलोड होतात आणि कोणाची कुठली ते कळत नाही.

चौथ्या नंबरचा खुलासा मेलच्या मजकुरात अजिबात नको, तिथे तो सफाई दिल्यासारखा वाचला जातो. तो यादीतच घाल, त्या पेपरच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ, की माझं काम एवढं एवढं. सगळ्या पेपरखाली तशी ओळ दे, नुसत्या त्याच एका पेपरखाली दिलीस तर डोळ्यात खुपेल. तुझं नेमकं काम काय होतं तेवढं सांग म्हणजे ओळ कशी होते ते बघू.

दिंडोरीची_पोर:
ताई, ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड आणि दिंडोरीच्या बागांतून रोगट पानं आणली, चाळीस नमुने. पानाच्या गोल चकत्या पाडून औषधाच्या पाण्यावर उलट्या तरंगवायच्या, वरून बुरशीचे बीजाणू सोडायचे आणि सातव्या दिवशी पांढरी बुरशी चढली का बघायची, ते सगळं मी केलं. जीन सीक्वेन्सिंग आणि G143A म्युटेशन शोधणं दुसऱ्या लॅबने केलं. पॅनलने म्युटेशनचंच विचारलं आणि मी "आम्ही केलं" म्हणून बसले, पुढचा प्रश्न आला तो प्रायमरचा.

लॅबवाली_ताई:
मग ओळ एवढीच, "नमुने गोळा करणं आणि पानांच्या चकत्यांवरची चाचणी माझी, सीक्वेन्सिंग सहलेखकांचं." गडबड आपोआप सुटली, आणि खोटं काही नाही.

स्टेटमेंटमध्ये पहिल्या परिच्छेदात तुझं मुख्य काम, दुसऱ्यात जे कळलं नाही ते, तिसऱ्यात त्यांच्या प्रोजेक्टवर पहिल्या हंगामात काय करशील. दुसरा परिच्छेद लोक सोडतात आणि तिथेच माणूस कळतो. तुझ्या बाबतीत तो असा की चकतीवर बुरशी वाढली म्हणजे बागेत औषध फेल गेलंच असं म्हणता येत नाही, बागेत फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला का, डोस किती होता, पाऊस कधी झाला, हे सगळं मधे येतं. हे लिहिलंस की समोरच्याला कळतं हिने चाचणी स्वतः केलीय. तिसऱ्यात छाटणीच्या तारखा धर, ऑक्टोबर चुकला तर पुढचा हंगाम वर्षाने येतो.

पंचवटीकर:
ताई, मान राखून बोलतो पण हे मला पटत नाही. बाकीच्या मुलांनी पण कुठेतरी अडखळलेलं असणार, त्यांना घरी जाऊन उत्तर सुधारायची संधी मिळाली का? वेळ संपली की संपली. आणि रिव्ह्यूतला पेपर तर नकोच, छापून आलेला नाही म्हणजे तो पेपरच नाही.

लॅबवाली_ताई:
पहिला मुद्दा बरोबर आहे, मी तो उडवून लावणार नाही. यादी फक्त हिच्याकडेच मागितली असेल तर मलाही खटकेल. पण मागितल्यावर द्यायच्या यादीत आपलं काम खरं लिहिणं म्हणजे उत्तर बदलणं नाही, तिने प्रायमरची माहिती शोधून आता मेलमध्ये टाकली असती तर मी तुमच्याच बाजूने असते.

दुसरा मुद्दा अर्धा बरोबर. छापलेल्यांच्या रांगेत टाकू नकोच, खाली वेगळं शीर्षक करून "पाठवलेला, निर्णय बाकी" असं लिही. स्वीकारलेला पेपर वेगळा आणि पाठवलेला वेगळा, या दोघांची सरमिसळ केलेली यादी मी पाहिलीय, आम्ही जर्नलच्या साईटवर शोधला आणि मिळाला नाही, मग बाकीच्या पेपरांवर पण कोणी विश्वास ठेवला नाही. प्रीप्रिंट टाकलेलं असेल तर त्याची लिंक दे, म्हणजे वाचायला तरी मिळतो. जर्नलचं नाव मात्र लिहू नकोस, नामंजूर झाला तर ते नाव उगाच मिरवल्यासारखं होतं.

गोदाकाठ:
जर्नलचं नाव न लिहिण्याशी मी सहमत नाही. आमच्या विषयात सगळे लिहितात, आणि नाव नसेल तर पॅनलला वाटतं पेपर पाठवलाच नाही. पाठवल्यावर जर्नल मॅन्युस्क्रिप्ट नंबर देतं, मी तो पण लिहितो.

लॅबवाली_ताई:
विषयाप्रमाणे फरक पडत असेल. माझा अनुभव वनस्पतिरोगशास्त्राचा.

दिंडोरीची_पोर:
अजून एक अडचण. पहिला पेपर माहेरच्या नावाने आहे, अर्ज सासरच्या नावाने, कारण आधार बदललं होतं. मॅडमनी नाव टाकून शोधलं तर तो पेपर दिसणारच नाही.

गोदाकाठ:
हे फार महत्त्वाचं, माझ्या बायकोच्या बाबतीत झालंय. तिच्या यादीतला पेपर पॅनलला सापडला नाही आणि मुलाखतीत तिला सरळ विचारलं की हा तुमचाच कशावरून. यादीच्या डोक्यावरच लिहा, अमुक सालापर्यंतचे पेपर अमुक नावाने. पेपरवर जे नाव छापलंय तेच यादीत ठेवा, बदलू नका, फक्त ते ठळक करा. आणि ORCID काढा, फुकट आहे, सोळा आकडी नंबर मिळतो, त्यात दुसरी नावं पण नोंदवता येतात आणि दोन्ही नावांचे पेपर एकाच पानावर येतात. प्रत्येक पेपरपुढे DOI द्या आणि पाठवायच्या आधी त्या लिंक स्वतः क्लिक करून बघा, वर्डमधून पीडीएफ करताना लिंक दोन ओळीत तुटली की ती उघडत नाही.

पंचवटीकर:
नावाचं मान्य, ते लिहिलंच पाहिजे. बाकी माझं मत तेच.

दिंडोरीची_पोर:
रात्री मेल केला. सगळ्या पेपरखाली कामाची ओळ टाकली. एक DOI खरंच तुटला होता, तो दुरुस्त केला. जर्नलचं नाव शेवटी नाही लिहिलं, प्रीप्रिंटची लिंक दिली. गोदाकाठ सर, त्यावरून विचारलं तर नंबर तयार ठेवलाय.