उत्तराची वाट पाहताना आलेली ‘पेज’ कार्डं : तुमचे अनुभव सांगा

शमी
माझ्याकडे टॅरोसाठी येणारी बरीच माणसं कसल्या ना कसल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली असतात. मुलाखत झाली, पण एचआरचा फोन नाही. मुलगी बघून गेले, पण निरोप नाही. अशा वेळी कप्स, वँड्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स या चार संचांत मिळून जी चार पेज, म्हणजे तरुण मुलाचं चित्र असलेली पानं असतात, त्यांपैकी कुठलंही निघालं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो, कारण पेज म्हणजे बातमी एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मात्र जी बातमी येते, तीच हवी असलेली असते असं नाही. माझ्या पाहण्यातलं एक वाचन सांगते.

नात्यातली एक मुलगी परदेशी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची वाट पाहत होती. झोप उडालेली, सारखी ईमेल उघडून बघायची. ‘अर्जाचं काय होतंय?’ असं विचारून तिने तीन पानं काढली : हँग्ड मॅन, पेज ऑफ पेंटॅकल्स, एट ऑफ पेंटॅकल्स. ती म्हणाली, “मावशी, पेज आलंय, म्हणजे लागला ना निकाल?” मला तसं दिसत नव्हतं. पहिलं पान अडकलेलं. मधल्या पानावरचा मुलगा हिरव्या शेतात उभा राहून हातातल्या नाण्याकडे बघतोय, त्याला कुठे जायची घाई नाही. तिसऱ्यावर बाकावर बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर. मी तिला म्हटलं, “काहीतरी लेखी येईल, पण ते तुझ्याकडून काम मागणारं असेल.” आलं ते पत्र वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला इंग्रजीत करून पाठवा, असं सांगणारं होतं. दाखला, भाषांतर, नोटरी, सगळी धावपळ झाली. निर्णय त्यानंतर बऱ्याच काळाने आला, अर्धी फी माफ झाली.

तुमच्या वाचनात पेजने काय आणलं? सोबतची पानं आठवत असतील तर तीही लिहा, त्यांच्याशिवाय पेज कळत नाही.

किलबिल
माझा अनुभव सरळ आहे. सुलटं पेज म्हणजे होकार, उलटं म्हणजे नकार. लग्नाच्या वेळी त्यांच्याकडच्या निरोपाची वाट बघत होतो, पेज ऑफ कप्स सुलटं आलं आणि त्याच आठवड्यात होकार आला.

गारवा
किलबिल, तुमचा होकार खराच, पण नियम तसा नाही. आपण बहुतेक जण जो डेक वापरतो तो १९०९ सालचा, आर्थर वेट यांनी योजलेला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. वेट यांनी सोबत जे अर्थ दिले त्यात पेज ऑफ कप्सपुढे बातमी आणि निरोप आहे, पेंटॅकल्सपुढेही आहे. वँड्सच्या पेजला तर त्यांनी दूत आणि टपालवाला म्हटलंय, चित्रातही तो घोषणा करायला उभा आहे. पण बातमी चांगली की वाईट हे सुलट्या पानात सांगितलेलं नाही. उलट्या वँड्स आणि पेंटॅकल्सच्या पेजपुढे मात्र वाईट बातमी दिली आहे, म्हणून तुमचं म्हणणं तिथे अर्धं लागू पडतं. कप्सचं पेज उलटं आलं तर त्यांनी भुरळ, फसवणूक असं दिलंय, तो नकार नव्हे. गोड बोलून टांगत ठेवणारं उत्तर असतं, ते हे.

आणि ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते पेज ऑफ स्वोर्ड्स. त्याच्या यादीत बातमी नाहीच. पहारा, हेरगिरी, तपासणी हे आहे. चित्र बघा : वारा सुटलाय, ढग पळताहेत, दोन्ही हातांत तलवार धरून तो झपाझप चालतोय आणि मान तिसरीकडेच वळलेली. उत्तराची वाट बघणाऱ्याला हे पान आलं तर मी आधी विचारतो, “दिवसातून किती वेळा फोन बघता?” बऱ्याच वेळा ते पान म्हणजे विचारणारा स्वतःच असतो. कधी समोरची कंपनी तुमची चौकशी करत असते, जुन्या साहेबांना फोन जातो. दोन्हीपैकी कुठलं ते शेजारच्या पानांवरून ठरवावं लागतं, आणि ते दर वेळी ठरतंच असं नाही.

अंबाडी
माझ्याकडे पेज म्हणजे माणूसच निघतो. जमिनीच्या फेरफाराची वाट बघत होते, पेज ऑफ पेंटॅकल्स आलं. मी पत्राची वाट बघत बसले आणि आला शेजारचा मुलगा. तो त्याच्या कामासाठी तलाठी कार्यालयात गेला होता, तिथे लावलेली नोटीस वाचून सांगायला आला की हरकत आली आहे. निरोपही तोच, निरोप्याही तोच.

गारवा
अंबाडीताई, अशी वाचनं माझ्याकडेही आहेत. तरुण माणूस की बातमी, हे पान उघडताना कसं ओळखायचं याची खात्रीची खूण मला सापडलेली नाही.

दशमान
मी टॅरो वाचत नाही, बायको वाचते. पण एक हिशेब मांडतो. ७८ पानांत पेज चार. तीन पानं काढली तर निदान एक पेज निघण्याची शक्यता साधारण १५ टक्के. उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारत पानं पिसून पाच वेळा तीन-तीन पानं काढली, तर त्यात कधीतरी पेज दिसण्याची शक्यता ५५ टक्क्यांवर जाते. दहा पानांच्या मांडणीत तर एकाच वेळी ४३ टक्के. म्हणून ‘बघा, पेज आलंच’ म्हणण्याआधी कितव्या वेळी आलं ते सांगायला हवं.

शमी
दशमान, हे फार कामाचं आहे. याच कारणासाठी मी एका प्रश्नाला एकदाच पानं मांडते आणि परिस्थिती बदलेपर्यंत दुसऱ्यांदा मांडत नाही. उलगडा व्हावा म्हणून वर आणखी पान, त्यावर आणखी पान, हेही नाही. जीव टांगणीला असताना माणूस हवं ते पान येईपर्यंत काढत राहतो.

निवडुंग
आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे. काल रात्री पेज ऑफ कप्स उलटं आलं. गारवा, तुम्ही वर फसवणूक लिहिलंय. म्हणजे रिपोर्ट चुकीचा येईल का? मला काही सुचत नाहीये.

गारवा
निवडुंग, नाही. ते पान रिपोर्टबद्दल काहीच सांगत नाही, आणि तब्येतीच्या निकालासाठी मी पानं काढत नाही, कुणाला काढूही देत नाही. लॅबला फोन करून रिपोर्ट कुठल्या दिवशी मिळेल ते विचारा. काही वेळा जादा तपासणी लावतात आणि त्याने उशीर होतो, तेही विचारून घ्या. रिपोर्ट हातात आला की थेट डॉक्टरांकडे. आईंजवळ कुणी आहे ना?

निवडुंग
हो, बहीण आहे. सकाळी फोन करते.

रानजाई
मला पेज ऑफ वँड्स आलंय, शेजारी फोर ऑफ स्वोर्ड्स. तो परत मेसेज करेल का? ताई, प्लीज सांगा.

शमी
रानजाई, इथे वाचन करत नाही, पण तू काढलेल्या पानांवर बोलू. वँड्सचा पेज बोलायला उभा आहे, शेजारी फोर ऑफ स्वोर्ड्समध्ये थडग्यावर हात जोडून आडवी पडलेली मूर्ती आहे, तीन तलवारी भिंतीवर आणि एक खाली. बोलायचंय, पण विश्रांती चालू आहे. मात्र कुणाला बोलायचंय, तुला की त्याला, हे तुझ्या प्रश्नातून कळत नाही. ‘तो करेल का’ विचारलंस की पान त्याचं आहे असं आपण धरून चालतो. मांडायच्या आधी ठरवायला हवं होतं की पहिलं पान तुझं, दुसरं त्याचं. तसं ठरवलं होतंस का?

रानजाई
नाही ठरवलं. पण पहिला मेसेज मीच टाकायचा राहिला होता, तो टाइप करून ठेवलाय.