मदत हवी आहे: कुत्र्याने मनुका खाल्ल्या, मीठपाणी देऊन उलटी करवू का? (इंदूर)

सुदामानगरी | सायं. ६:५०
आमच्या कुत्र्याने मनुका खाल्ल्या आहेत. नेटवर एकीकडे ‘ताबडतोब दवाखाना’ आणि दुसरीकडे ‘काही होत नाही’ असं लिहिलंय. तो मजेत बागडतोय. नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. घरीच मीठपाणी पाजून उलटी करवू का? पटकन सांगा.

चकलीकाकू | ६:५३
अरे बाळा, आधी वाटीभर थंड दूध पाज. विष उतरतं त्याने. आमच्याकडे पूर्वीपासून हेच करतात.

महूकर | ६:५५
मीठपाणी अजिबात नको. दूधही नको, त्याने काही उतरत नाही. तीन गोष्टी सांगा: वजन किती, मनुका किती, कधी खाल्ल्या?

सुदामानगरी | ६:५८
बीगल आहे. थोड्या खाल्ल्या. आत्ताच. मिठाचं उत्तर द्या ना, पाणी कोमट करून ठेवलंय.

महूकर | ७:०१
‘थोड्या’ आणि ‘आत्ताच’ यावर काही ठरवता येत नाही. मिठाचं सांगतो. पोह्यांच्या मोठ्या चमच्यात साधारण १८ ग्रॅम मीठ बसतं. बीगल नऊ-दहा किलोचा धरला तर किलोमागे जवळजवळ २ ग्रॅम. एवढ्यावर कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम चढून झोकांड्या, थरथर सुरू होऊ शकते. पहिल्या चमच्याने उलटी झाली नाही की माणूस दुसरा देतो. मग किलोमागे ४ ग्रॅम होतात, त्याने कुत्रा जातो. मनुकांसाठी आपल्याकडे काही तास आहेत, मीठ तेवढे देत नाही.

पाकीट किती ग्रॅमचं होतं, त्यातलं आधी किती वापरलं, उरलेलं किती? स्वयंपाकघरात काटा असेल तर जमिनीवर सांडलेल्या मनुकाही गोळा करून तोला.

दोनदा_पोहे | ७:०४
एवढं घाबरवू नका राव. बिया असलेल्या काळ्या मनुकांतच विष असतं. पिवळा बेदाणा असेल तर निश्चिंत राहा. आणि खरा दोष फळाचा नाही, त्यावर मारलेल्या औषधाचा आहे. धुतलेल्या असतील तर चालतात.

सुदामानगरी | ७:०९
तोललं. पाकीट २५० ग्रॅमचं, सकाळीच फोडलं. शिऱ्यात अंदाजे ५० गेल्या. सांडलेल्या धरून १४० उरल्यात. आई साडेचारला भजनाला गेली, साडेसहाला आली तेव्हा पाकीट फाटलेलं होतं. वजन मागच्या लसीच्या वेळी ९ किलो. मनुका पिवळ्या आहेत. मग ठीक ना?

महूकर | ७:१४
ठीक नाही. ६० ग्रॅम गायब, म्हणजे किलोमागे साडेसहाच्या वर. सुक्या मनुका किलोमागे पावणेतीन-तीन ग्रॅम पोटात गेल्यावरही मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या कुत्र्यासाठी तो आकडा २५ ग्रॅम होतो, म्हणजे लहान मूठभर. काही कुत्री याहून जास्त पचवतात हेही खरं, पण आपला त्यातला आहे का हे आधी ओळखता येत नाही.

वेळ साडेचार धरा. कुठलीही वेळ नक्की नसेल तर वाईटातली वाईट धरायची. पावणेतीन तास झाले. औषधाची गोळी असती तर एव्हाना बहुधा बरीच पुढे गेली असती. मनुका मात्र पोटात फुगून बराच वेळ पडून राहतात, म्हणून पाच-सहा तासांनी उलटी करवली तरी हाती लागतात. निघा.

जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना गाडीतून फोन करा आणि एवढंच बोला: ‘बीगल, ९ किलो, मनुका ६० ग्रॅम, साडेचारनंतर कधीतरी, उलटी झालेली नाही, शुद्धीत आहे. उलटी करवायचं इंजेक्शन आहे का, आणि रात्रभर सलाईनची सोय आहे का?’ दुसरा प्रश्न विसरू नका. पुष्कळ ठिकाणी पहिलं होतं आणि रात्री दहाला कुलूप लागतं.

बडोदेकर_मनीमाऊ | ७:१६
मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा आणि पाजा, दहा मिनिटांत काम होतं. आमच्या मांजरीला असंच केलं होतं.

महूकर | ७:२०
मांजरीला पेरॉक्साइड कधीच देऊ नका, जठराला जखमा होऊन रक्ताच्या उलट्या होतात. कुत्र्याला देतात ते ३ टक्क्यांचं असतं. आपल्याकडे दुकानात बहुतेक ६ टक्क्यांची, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते. ती तशीच पाजली तर अन्ननलिका भाजते. दवाखाना तीन तास लांब असलेल्या खेड्यात, फोनवर डॉक्टर असताना, निम्मं पाणी घालून मोजून देणं वेगळं. हे इंदुरात आहेत, वीस मिनिटांत पोचतील.

@दोनदा_पोहे, बियांचा संबंध नाही, बेदाणा तर बिनबियांच्याच द्राक्षाचा असतो. कीटकनाशकाची शंका पूर्वी होती खरी, पण घरच्या, न फवारलेल्या द्राक्षांनीही कुत्री आजारी पडली आहेत. २०२१ साली एएसपीसीए या अमेरिकी संस्थेच्या विष नियंत्रण केंद्रातल्या पशुवैद्यांनी वेगळा धागा पकडला. एका कुत्र्याने घरी मळलेला खेळण्याचा रंगीत गोळा खाल्ला होता. त्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, आणि मूत्रपिंडाची दशा अगदी द्राक्षांसारखी झाली. तेव्हापासून संशय टार्टरिक आम्लावर आहे. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नाही, नलिकांच्या पेशींत साचतं आणि पेशी मरतात. द्राक्षाची जात आणि पिकणं यांवर आम्लाचं प्रमाण बदलतं, म्हणून एकाला दहा मनुकांत त्रास होतो आणि दुसऱ्याला वाटीभर खाऊन नाही. पाण्याने धुऊन ते जात नाही, ते फळाच्या आत असतं.

कचोरी_राजवाडा | ७:३१
टार्टरिक म्हणजे चिंचेतलंच ना? मग आमची कुत्री रोज कचोरीची चटणी चाटते त्याचं काय?

महूकर | ७:३४
तेच. चिंच खाऊनही कुत्र्यांना असाच त्रास झाल्याचं त्याच केंद्राने सांगितलंय. बंद करा. त्या चटणीत कांदा-लसूणही असेल तर तो वेगळा हिशेब, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आधी हा बीगल.

चकलीकाकू | ७:४०
पोचलास का रे? दूध नाही ना दिलंस?

सुदामानगरी | ८:३२
पोचलो. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटांत उलटी झाली. फुगलेल्या मनुका आणि दुपारचा भात. आता डॉक्टर म्हणतात ४८ तास सलाईन लावू. पोट रिकामं झालंय ना, मग कशाला? रक्त तपासलं, क्रिएटिनिन ०.९ आहे, एकदम नॉर्मल.

दोनदा_पोहे | ८:३५
बघा. आता बिल वाढवणार. रिपोर्ट नॉर्मल तर घरी घेऊन या.

महूकर | ८:४१
उलटीतल्या मनुका मोजल्या का? वजन करू नका, त्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात. मोजा. कोरडी मनुका साधारण अर्ध्या ग्रॅमची धरली तर ६० ग्रॅम म्हणजे १२० नग.

आणि ०.९ नॉर्मल असणारच. नुकसान असेल तर आकडा एका दिवसानंतर चढायला लागतो. आजच्या रक्ताचा उपयोग उद्याच्याशी ताडून बघायला.

सुदामानगरी | ८:५५
मदतनिसाने काडीने चिवडून मोजल्या. ५८. काही चुरा होता.

महूकर | ९:०२
म्हणजे २९-३० ग्रॅम बाहेर आल्या आणि तेवढ्याच आत. किलोमागे अजूनही तीनच्या वर. उलटीने निम्म्याच्या आसपासच निघतं, हे नेहमीचं आहे. ११० निघाल्या असत्या तर मीही म्हटलं असतं की घरी जा आणि रोज रक्त द्या. ५८ वर मी सलाईनच्या बाजूने आहे. लघवी भरपूर होत राहिली पाहिजे, मतलब तेवढाच.

बडोदेकर_मनीमाऊ | ९:०६
आणि कोळशाची पावडर? विषबाधेत पहिलं तेच देतात.

महूकर | ९:१०
उंदराच्या औषधात, पुष्कळ गोळ्यांत देतात. टार्टरिक आम्लाचा रेणू लहान, कोळशाला फारसा चिकटत नाही. वर नुकती उलटी झालेल्या कुत्र्याला काळा घोट पाजला आणि तो पुन्हा ओकला तर फुप्फुसात जायची भीती. काहीजण एक मात्रा देतात, मी देत नाही. तिथले डॉक्टर देत असतील तर मी इथून भांडणार नाही.

ग्वाल्हेरी_गुलाब | ९:२५
मी स्वतः पाच वर्षं पशुवैद्यकात आहे. महूकरांशी बरंचसं सहमत, पण ४८ तास दाखल करणं आता प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. उलटी झाली, कुत्रा खातोय-पितोय, तर कातडीखाली सलाईन देऊन घरी सोडतो आणि २४, ४८, ७२ तासांनी रक्त बघतो. पिंजऱ्यात ताणाने बीगल रात्रभर रडतो, सलाईनची नळी चावतो.

महूकर | ९:३३
कुत्र्याचा मालक तीनही दिवस रक्ताला येणार असेल तर ते चालेल. अनुभव असा की पहिला रिपोर्ट चांगला आला की दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

सुदामानगरी | दुसरा दिवस, रात्री ८:२०
ठेवला होता. २४ तासांचं क्रिएटिनिन १.०. सकाळी एकदा उलटी झाली. घरात माणसांची उलटीची आणि पोटदुखीची गोळी आहे, देऊ का, की बंद करू सलाईन?

महूकर | ८:३३
दोन्ही नको. पोटदुखीच्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडावरच घाव घालतात, आणि आपण नेमकं तेच वाचवतोय. उलटीचं औषध तिथले डॉक्टर इंजेक्शनने देतील, त्यांना सकाळची उलटी सांगितली का?

दोनदा_पोहे | ८:४०
रेंज १.६ पर्यंत आहे. १.० म्हणजे निम्म्यासारखं. डिस्चार्ज घ्या.

ग्वाल्हेरी_गुलाब | ८:५२
रेंज बघायची नसते, उडी बघायची असते. ०.९ वरून ४८ तासांत १.२ झाला तर छापलेल्या रेंजप्रमाणे तो नॉर्मल, आमच्या हिशेबात मूत्रपिंडाला धक्का. आणि सलाईन चालू असताना रक्त पातळ होतं, आकडा जरा कमीच दिसतो. यात मी महूकरांच्या बाजूने.

सुदामानगरी | तिसरा दिवस, रात्री ९:०५
४८ तासांचं १.१. सलाईन काढलं, घरी आणलाय. सकाळपासून उलटी नाही, दोन घास दहीभात खाल्ला. उद्या रात्री आठला तिसरं रक्त. डॉक्टरांनी लघवीवर लक्ष ठेवा म्हटलंय, कसं ठेवणार? हा अंगणात जातो.

महूकर | ९:१२
अंगण बंद. लहान बाळांचं शोषून घेणारं पॅड कोरडं असताना तोला, नंतर ओलं तोला. जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिलिलिटर. ९ किलोच्या कुत्र्याची तासाला ९ मिलिलिटरपेक्षा कमी होत राहिली तर रक्ताची वाट बघू नका, रात्रीच परत न्या. शिवाय ओठ चाटणं, पाणी पिऊन लगेच ओकणं, तोंडाला अमोनियासारखा वास, यांतलं काही दिसलं तरी.

कचोरी_राजवाडा | ९:३०
विषयांतर, पण पोपटाला द्राक्षं चालतात का? आमचा रोज खातो.

चकलीकाकू | ९:३६
पोपटाचं नंतर रे. बाळा, तुझा कसाय?

सुदामानगरी | ११:१०
पॅड १३० ग्रॅमने वाढलंय. ठीक आहे ना?

महूकर | ११:१२
किती तासांत?