प्रतिसाद: शेजारी बेटं, दोन तारखा

> एका देशात नाताळ सुरू आणि शेजारी अजून आदला दिवस, हे कसं?

प्रशांत महासागरातली सामोआ आणि अमेरिकन सामोआ ही बेटं बघा. मधे जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर समुद्र, पण जिथे तारीख बदलते ती वाररेषा तिथूनच जाते. सामोआची वेळ ग्रिनिचच्या १३ तास पुढे, अमेरिकन सामोआची ११ तास मागे. फरक बरोबर २४ तासांचा, त्यामुळे घड्याळं जुळतात आणि तारीख तेवढी बदलते. सामोआतल्या आपियाहून २५ डिसेंबरला संध्याकाळी पाचला निघालात, की विमानाने अर्ध्या-पाऊण तासात अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला २४ तारखेच्या संध्याकाळी उतरता. नाताळ पुन्हा पुढे उभा! मुळात दोन्हीकडे तारीख एकच होती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआने २०११ मध्ये बाजू बदलली आणि ३० डिसेंबर हा दिवसच गाळला.