मदत हवी आहे: बिलांच्या फोटोंवरून सेल्सची डे बुक, एका बिलात ५ आणि १८ टक्के दोन्ही आले की रेटवाईज बेरीज कशी काढायची?

डेबुक_सिंहगडरोड:
नमस्कार मंडळी. तुळशीबागेजवळ माझ्या मामांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यांचं लिखाणाचं काम करणारे गृहस्थ गावी गेले म्हणून आता ते मी घरून बघते. मामा रोज रात्री बिलबुकातल्या कार्बन कॉपीचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, त्यावरून मला महिन्याची डे बुक करून सीएकडे द्यायचीय, रिटर्न मंथली आहे म्हणजे जीएसटीआर-१ साठी ११ तारखेच्या आत. बिलबुकं दोन आहेत, एक खाली काउंटरचं आणि एक वरच्या मजल्यावर होलसेलचं, केटरर आणि हॉटेलवाल्यांसाठी.

आधीच्यांची एक्सेल शीट आहे त्यात एक बिल म्हणजे एक ओळ: तारीख, नंबर, टॅक्सेबल, सीजीएसटी, एसजीएसटी, एकूण. आता हे बिल बघा, काउंटर बुक नंबर ४१२. स्टीलची भांडी ८,४५०, मिक्सर ३,२००, फूलझाडू २४०. भांड्यांना ५ टक्के, मिक्सरला १८, झाडूला काही नाही. टॅक्स धरून १२,८८८.५० होतात आणि बिलावर राऊंड करून १२,८८९ लिहिलेत. शीटमध्ये हे टॅक्सेबल ११,८९० आणि टॅक्स ९९८.५० असं एका ओळीत जातं, मग महिन्याअखेरीस सीए विचारतात की ५ टक्क्यात किती आणि १८ मध्ये किती तर ते शीटवरून सांगताच येत नाही, परत सगळे फोटो उघडून बसावं लागतं. हे नीट कसं मांडायचं? आणि तो ५० पैशांचा राऊंड ऑफ कुठे टाकायचा? प्लीज कोणी रोज हे काम करत असेल तर सांगा.

दुकानदार_हडपसर:
ताई सोप्पंय, बिलाचं एकूण घ्यायचं आणि ११८ ने भागून १०० ने गुणायचं, टॅक्सेबल मिळतं. आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी वर्षानुवर्षं तसंच करतो, सीएने कधी काही म्हटलं नाही.

खातेवही_कसबापेठ:
हडपसरकर, तुमच्याकडे बहुतेक सगळा माल १८ चाच असणार आणि काउंटरला भाव टॅक्स धरून सांगत असाल, म्हणून तुमचं बरोबर येतं. ११८० चं बिल, एकच रेट, टॅक्सेबल १०००, काही वाद नाही. पण ताईंच्या ४१२ नंबरला ते लावलं तर १२,८८९ चे सुमारे १०,९२३ येतील, आणि खरं टॅक्सेबल भांडी-मिक्सर मिळून ११,६५० आहे, झाडू वेगळाच. मिक्स बिलाला उलटा हिशेब करायचाच असेल तर प्रत्येक आयटमचा वेगळा करावा लागतो, भांड्यांना १०५ ने भागून, मिक्सरला ११८ ने.

ताई, तुमचा प्रश्न फोटोंचा नाहीच, ओळीचा आहे. एक बिल एक ओळ हे सोडा. एका बिलात जितके रेट तितक्या ओळी करा. ४१२ च्या तीन ओळी होतील, तिन्हीवर तारीख आणि नंबर तोच लिहायचा, मग ५ ची ओळ ८,४५० आणि २११.२५ दोनदा, १८ ची ३,२०० आणि २८८ दोनदा, शून्याची २४०. बिलावरचं एकूण १२,८८९ फक्त पहिल्या ओळीत, बाकी दोनमध्ये ती जागा रिकामी, नाहीतर बेरीज तिप्पट होते. राऊंड ऑफ टॅक्सेबलमध्येही मिसळायचा नाही आणि टॅक्समध्येही नाही, रिटर्नमध्ये टॅक्सेबल आणि टॅक्स जातो, ते ५० पैसे वहीत राऊंड ऑफ खात्याला जातात.

आणखी एक, दोन बुकं असल्यामुळे ४१२ हा नंबर दोन्हीकडे असू शकतो. शीटमध्ये C-412 आणि W-412 असं लिहा, बुकांवर मामांनी तशी सिरीज छापूनच घेतली तर उत्तम, कारण वर्षभरात तोच नंबर परत आलेला चालत नाही.

बिल_बघते_औंध:
माझ्याकडे पण हाच प्रॉब्लेम, पोर्टलवरच्या टूबीमध्ये, म्हणजे खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत, सप्लायरची दोन बिलं दिसतच नाहीयेत आणि त्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, तर क्रेडिट घेऊ का?

खातेवही_कसबापेठ:
औंधवाल्या ताई, तुमचं खरेदीचं आहे, इथे विक्रीच्या बिलांचं चाललंय. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. पण सप्लायरला आजच फोन करा, त्यांनी तुमचा नंबर चुकीचा टाकला असेल किंवा तुमचं बिल काउंटर सेलमध्ये ढकललं असेल.

डेबुक_सिंहगडरोड:
काका खूप धन्यवाद, हे डोक्यात बसलं. पण फोटोंचं अजून एक आहे, काही फोटो दोनदा येतात, काही येतच नाहीत, आणि मामा मराठी आकड्यात लिहितात त्यात कार्बन पुसट असला की १ आणि ९ मध्ये फरक कळत नाही. टाइप करताना चूक झाली तर कळणार कसं?

खातेवही_कसबापेठ:
त्यासाठी दोन चेक कॉलम लावा. कॉलम असे धरा, A तारीख, B बिल नंबर, C पार्टीचा जीएसटी नंबर, D मध्ये गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर असेल तर B2B, नसेल तर B2C, E रेट, F टॅक्सेबल, G सीजीएसटी, H एसजीएसटी, I आयजीएसटी, J बिलावरचं एकूण. मग K2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=IF(J2="","",ROUND(SUMIFS(F:F,B:B,B2)+SUMIFS(G:G,B:B,B2)+SUMIFS(H:H,B:B,B2)+SUMIFS(I:I,B:B,B2),0)-J2)
```

शून्य आलं की त्या बिलाच्या सगळ्या ओळी मिळून फोटोतल्या एकूणाशी जुळतात. तेच बिल दोनदा टाइप झालं असेल तर फरक जवळपास पूर्ण बिलाएवढा येईल, राऊंडमुळे फारतर एखादा रुपया इकडेतिकडे, एखादी ओळ राहिली तर फरक मायनसमध्ये येईल. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी आकडे उलटेपालटे झालेत का बघा, ८,४५० चं ८,५४० टाइप झालं की ९० चा फरक पडतो. ही जुनी मुनीम लोकांची युक्ती, अजून उपयोगी पडते. आणि १ का ९ हा संशय असला तर फोटो झूम करत बसू नका, ज्या आकड्याने K शून्य होतो तो बहुतेक खरा, तरी मामांना विचारून खात्री करा.

पण K ला रेट चुकलेला कळत नाही. टॅक्सचे रुपये बरोबर आणि E मध्ये ५ च्या जागी १८ पडलं तरी तो शून्यच दाखवतो. म्हणून L2 मध्ये:

```
=ROUND(F2*E2/100-(G2+H2+I2),2)
```

इथे एकदोन पैसे इकडेतिकडे चालतील, रुपयात फरक आला तर रेट किंवा गुणाकार चुकलाय. E मध्ये नुसतं 5 लिहा, 5% लिहिलंत तर एक्सेल ते 0.05 धरतं आणि खालची बेरीज शून्य येते. रिटर्नसाठी बेरीज मग एवढीच:

```
=SUMIFS(F:F,E:E,5,D:D,"B2C")
```

5 च्या जागी 18 आणि 0, B2C च्या जागी B2B, असं एका छोट्या टेबलात करा. B2B ची बेरीज तुमच्या जुळवणीसाठी, पोर्टलवर ती बिलं एकेक करून नंबरासकट जातात. महाराष्ट्राबाहेरचं गिऱ्हाईक आलं तर राज्याचा एक कॉलम वाढवावा लागेल.

न आलेले फोटो मात्र कुठलाच फॉर्म्युला सांगणार नाही, जे शीटमध्ये नाही ते त्याला दिसतच नाही. त्यासाठी B वर सॉर्ट करून नंबर सलग आहेत का बघायचे, प्रत्येक बुकाचे वेगळे. कॅन्सल बिल सुद्धा ओळीत लिहायचं, रक्कम शून्य आणि पुढे कॅन्सल असा शेरा, कारण जीएसटीआर-१ मध्ये कुठून कुठपर्यंत बिलं फाडली आणि त्यात कॅन्सल किती हे वेगळं द्यावं लागतं. मामांना सांगा कॅन्सलचाही फोटो पाठवा, लोक नेमका तोच पाठवत नाहीत.

लेखापाल_चिंचवड:
कसबापेठकाकांनी छान सांगितलंय, फक्त एचएसएनचा, म्हणजे मालाच्या कोडचा कॉलम आत्ताच घालून ठेवा. स्टील भांडी ७३२३, अ‍ॅल्युमिनियमची ७६१५, दोन्ही ५ टक्केच पण एचएसएन समरीत वेगळी जातात, म्हणजे तिथे रेटला एक ओळ पण पुरत नाही. आणि ती समरी आता बीटूबी, बीटूसी वेगवेगळी मागतात. महिनाअखेरीला परत फोटो उघडायचे नसतील तर टाइप करतानाच लिहा.

बीटूबीचा जीएसटी नंबर फोटोतून वाचताना लक्षात ठेवा, पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडे २७, पुढची पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. त्यामुळे ओ का शून्य हे जागेवरून ठरतं. तरी पोर्टलवर सर्च करून नाव जुळवाच. चुकीचा नंबर गेला तर केटररला क्रेडिट दिसत नाही आणि तो दुकानात येऊन बसतो.

डेबुक_सिंहगडरोड:
काका, दादा, रविवारी बसून सगळी शीट नवीन पद्धतीने केली. दोन बिलं डबल सापडली, होलसेल बुकात मधले तीन नंबर नव्हते त्यातली दोन कॅन्सल निघाली, तिसऱ्याचा फोटो मामा आज पाठवतायत.

दोन प्रश्न उरलेत. वरच्या मजल्यावरच्या मुलाने एका केटररच्या बिलात भांड्यांना सवयीने १२ टक्के लावलेत, ६,००० वर ७२०. मी शीटमध्ये ५ करू का, म्हणजे ३००? आणि दुसऱ्या एका बिलात भांडी आणि मिक्सर दोन्ही आहेत आणि खाली हमाली-टेम्पोचे ३०० लावलेत, ते कुठल्या रेटमध्ये?

खातेवही_कसबापेठ:
५ करायचं नाही. डे बुकात बिलावर आहे तेच लिहायचं, १२ आणि ७२०. त्या केटररकडे १२ चं बिल आहे, आणि गिऱ्हाइकाकडून टॅक्स म्हणून घेतलेले पैसे सरकारला भरावेच लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलची भांडी १२ वरून ५ वर आली हे खरं, पण दुरुस्ती शीटमध्ये होत नाही, कागदावर होते. त्या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट काढा, ५ टक्क्याचं नवीन बिल द्या, ४२० परत करा, आणि तिन्ही कागद डे बुकात येऊ द्या, क्रेडिट नोट मायनसमध्ये. रिटर्नमध्ये ती बीटूबीच्या क्रेडिट नोटमध्ये वेगळी जाईल.

हमालीचं मी मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटतो, जितकी भांडी तितकी ५ मध्ये, जितका मिक्सर तितकी १८ मध्ये.

लेखापाल_चिंचवड:
इथे मी सहमत नाही काका. आमच्या ऑफिसात अशा बिलात हमाली सगळी १८ मध्येच धरतात, सेफ साइड म्हणून. वाटणी केली आणि ऑफिसरने विचारलं की कशाच्या आधारावर, तर उत्तर काय देणार?

खातेवही_कसबापेठ:
आधार हाच की ती त्या मालाचीच हमाली आहे, स्वतंत्र सेवा नाही. टेम्पोत भांडीच जास्त होती तर मिक्सरचा रेट सगळ्यावर का? पण दोन्ही पद्धती चालताना मी बघितल्यात, ताईंनी त्यांच्या सीएला विचारून एक ठरवावी आणि वर्षभर तीच ठेवावी.

डेबुक_सिंहगडरोड:
सीएंना विचारलंय, ते म्हणाले बिल पाठवा बघून सांगतो. तोपर्यंत ती ओळ पिवळी करून ठेवलीये. मामांना पण सांगितलं की मिक्स मालाच्या बिलावर हमाली वेगळी लिहू नका, भावातच धरा.

दुकानदार_हडपसर:
ताई, काका, माझ्याकडे पण सोलरचे दिवे ५ टक्क्यात आलेत हे आत्ता लक्षात आलं, मागची बिलं काढून बघतो. ती शीट कोरी करून इथे टाकाल का?