शेंगांवरून तूर की मूग ओळखायचं आहे, फोटो दिलेत, जरा लवकर सांगा

उन्हाळी_पाखरू
शेतांचे फोटो आलेत, प्रत्येकाला पिकाचं नाव लावून उद्या संध्याकाळपर्यंत परत द्यायचेत. पर्याय चारच: तूर, मूग, हरभरा, इतर. सगळ्यांत शेंगा दिसतायत, म्हणून वाटलं पटापट उरकेल. हरभरा उरकलाही. हे तीन अडलेत.

फोटो १: पानं सरळसरळ तुरीची. शेंगा मात्र बारीक आणि काळपट.
फोटो २: कुणीतरी शेंगांचा घोस हातात धरलाय. मी मूग लिहिलं, तपासणाऱ्यांनी प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवला. कारण दिलेलं नाही.
फोटो ३: वरून काढलाय, शेंगा हिरव्या.

कृपया नुसती नावं सांगा, शेतीचा इतिहास नको.

खोडवा
इतिहास नको तर नको, भूगोल तरी सांगा. कुठले आहेत फोटो?

उन्हाळी_पाखरू
ते मलाही सांगितलेलं नाही.

नांगरट
१ तूर. कडधान्यांत असं लांबट, टोकदार पान तुरीचंच. शेंगा काळ्या म्हणजे वाळल्यात, एवढंच. २ मूग, तुमचं बरोबर आहे, तपासणाऱ्यांना सांगा. शेंगा आभाळाकडे ताठ असतील तर उडीद, खाली लोंबत असतील तर मूग. तुमच्या फोटोत लोंबतायत. ३ पण मूगच दिसतोय.

तिसरा_डोळा
फोटो २ मध्ये झाड आहेच कुठे? तोडलेला घोस मुठीत आहे. तो सुलटा धरलाय की उलटा, हे तुम्हाला कसं कळलं? उलटा धरला की तुमच्या नियमाने उडदाचा मूग होईल.

नांगरट
वीस फोटो रोज बघत नसलो तरी पेरतो आम्ही दोन्ही. नजरेला कळतं.

बांधावरचा
तारखा सांगा ताई. तिन्ही फोटोंच्या. त्याशिवाय पहिल्याबद्दल नक्की बोलता येणार नाही.

उन्हाळी_पाखरू
तारखेचा काय संबंध? पीक फोटोत दिसतंय ना. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेत, माहिती उघडली तर तारखेची जागा रिकामी आहे. पहिल्याच्या फाइलचं नाव `IMG-20240903-WA0017.jpg` असं आहे, म्हणजे ३ सप्टेंबर धरा.

तिसरा_डोळा
धरू नका. ती व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवल्याची किंवा आल्याची तारीख असते. फोटो आधीचा असू शकतो, अगदी गेल्या वर्षीचाही. एवढंच म्हणता येईल की ३ सप्टेंबरनंतरचा नाही.

दुर्वा_ब
शेंगांचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या हरभऱ्याचे घाटे वरून छान टपोरे दिसतात, सोलले की आत काहीच नाही. काय करू?

नांगरट
घाटे अळी. फवारणी घ्या लगेच.

बांधावरचा
घाट्याला भोक आहे का ते आधी बघा. घाटे अळी गोल भोक पाडते, पुष्कळदा अर्धी बाहेर लटकलेली सापडते. भोक नसेल आणि आत दाणा धरलाच नसेल तर कारण वेगळं, तिथे फवारणीचा उपयोग नाही.

खोडवा
दुर्वाताई, वेगळा धागा काढा, नाहीतर पाखरू आपल्यालाच टोचेल.

बांधावरचा
आता फोटो १. नांगरट, पान तुरीचं आहे हे मान्य. पण शेंग तुरीची नाही. तुरीची शेंग चपटी असते, साधारण करंगळीच्या नखाएवढी रुंद. टोकाला चोच असते आणि दोन दाण्यांच्या मध्ये तिरपी खाच पडलेली दिसते. या तिरप्या खाचा लांबूनही कळतात, हिरव्या शेंगेवर तर ऊन पडलं की सावलीची रेघच उमटते. दाणे चार, फार तर पाच. ताईंच्या फोटोतली शेंग बारीक, गोल आणि लांब आहे, तिच्यावर खाच एकही नाही. वाळली म्हणून चपटी शेंग गोल होत नाही.

फोटो मोठा करा आणि डाव्या कोपऱ्यातल्या घोसाचा दांडा बोटाने मागे मागे नेत जा. तो तुरीच्या फांदीला जात नाही. खाली रुंद, अंड्याच्या आकाराची पानं आहेत, त्यांच्यात शिरतो. ते मुगाचं झाड. तुरीच्या दोन ओळींमध्ये मूग आहे. तूर वाढून वर आलीय, म्हणून फोटोभर तिचीच पानं. शेंगा आहेत त्या खालच्या मुगाच्या.

तारीख यासाठी विचारली. जूनमध्ये पेरलेला मूग ऑगस्ट-सप्टेंबरात तोडणीला येतो, तेव्हा बहुतेक तुरीला फूलही नसतं. फोटोतही तुरीवर एक फूल नाही.

तिसरा_डोळा
पण तारीख पक्की नाही हे मी वर म्हटलंच आहे. डिसेंबरातला जुना फोटो असला तर?

बांधावरचा
डिसेंबरात त्याच तुरीवर शेंगा दिसल्या असत्या आणि मूग कधीच निघून गेला असता. फाइलच्या नावापेक्षा मी झाडांवर जास्त विश्वास ठेवतो.

उन्हाळी_पाखरू
मग लिहू काय? तूर की मूग? एका फोटोला एकच नाव देता येतं.

नांगरट
तूरच लिहा. मुख्य पीक तेच. मूग आठवड्याभरात निघून जाईल.

सालपट
असं कसं? पाखरूताईंना शेंगांच्या अवस्थेतलं पीक विचारलंय. शेंगा मुगाच्या, तर मूग.

बांधावरचा
हे काम देणाऱ्यालाच विचारायला हवं. त्यांना शेतात काय आहे हे हवंय की शेंग कुणाची हे हवंय, त्यावर उत्तर बदलेल. मी असतो तर दोन्ही नावं शेऱ्यात लिहून पाठवला असता. आणि ताई, तूर म्हणून आधी जे पास केलेत त्यांतही हे एकदा तपासा. सोयाबीनमध्ये तूर असते तिथे हीच फसगत होते: वर तुरीची पानं, खाली खोडाला चिकटून लव असलेल्या आखूड शेंगा. त्या सोयाबीनच्या.

सालपट
हरभऱ्यातही मसूर मिसळलेला नाही ना बघा. लांबून दोन्ही झुबकेदार दिसतात. हरभऱ्याच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, घाटा फुगीर. मसुराची कड साधी, पानाच्या टोकाला तणावा असतो, शेंग चपटी.

उन्हाळी_पाखरू
हरभऱ्याचं मी विचारलेलंच नाही. फोटो २ बद्दल कुणी बोलेल का? त्यात तर झाडाचा घोळ नाही, नुसत्या शेंगा आहेत.

बांधावरचा
म्हणूनच तो अवघड आहे. नांगरट म्हणतात तो शेंगांच्या रोखाचा नियम शेतात उभं राहून बऱ्यापैकी चालतो. पण मुगाच्याही कोवळ्या शेंगा आधी वर असतात, दाणा भरला की वाकतात. आणि तोडलेल्या घोसाला रोख नसतोच.

रंगावरही जाऊ नका. मुगाची शेंग पिकल्यावर काळी पडते, उडदाचीही काळी किंवा तपकिरी होते. घोसात एक काळी नि दोन हिरव्या हे दोन्हीकडे दिसतं.

तुमच्या फोटोत हात आहे हे नशीब. मधली हिरवी भरलेली शेंग तर्जनीला चिकटून आडवी आहे, म्हणजे शेंग आणि बोट कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. बोटाची रुंदी घ्या आणि शेंगेवर मोजा. मला जेमतेम तीन बोटं भरली. बोट दीड ते पावणेदोन सेंटिमीटर धरलं तर शेंग पाच सेंटिमीटरच्या आसपास. मुगाची भरलेली शेंग साधारण सहा ते नऊ भरते, उडदाची चार ते सहा.

एवढ्यावर मी उडीद म्हणणार नाही, आखूड मूगही असतो. आता त्याच शेंगेवरचे दाण्यांचे उंचवटे मोजा. मला सहा दिसतात, टोकाशी सातवा असेल. भरलेल्या मुगाच्या शेंगेत दहा-बारा दाणे सहज असतात. तिसरी गोष्ट लव. शेंगेच्या वरच्या कडेला मागून ऊन आलंय, तिथे मोठं करून बघा. कडेभोवती पांढुरकी झालर दिसतेय. मुगालाही लव असते पण ती आखूड आणि विरळ, अशा फोटोत कड जवळपास स्वच्छ दिसते. उडदाची लव लांब आणि दाट.

लांबी, दाणे, लव तिन्ही एका बाजूला झुकतायत. उडीद आहे. तुमच्या यादीत उडीद नाही, म्हणून 'इतर'. प्रश्नचिन्ह त्यासाठीच आलं असणार.

नांगरट
पाण्याचा ताण बसला की मुगाची शेंगही आखूड राहते आणि दाणे कमी भरतात. मग कसं?

बांधावरचा
खरं आहे, म्हणूनच भरलेली शेंग निवडली. दाणे धरलेच नाहीत तर शेंग मध्ये मध्ये चपटी, रिकामी दिसते. इथे देठापासून टोकापर्यंत सलग फुगीर आहे. आणि ताणाने लव वाढत नाही.

तिसरा_डोळा
झालरीबद्दल माझी शंका. फोटो पुढे पाठवताना दाबला गेला की कडेला अशीच पांढरी चकाकी येते. ताई, त्याच उजेडात बोटाची कड बघा. तिथेही झालर असेल तर ती फोटोची, शेंगेची नाही.

उन्हाळी_पाखरू
बघितलं. बोटाची कड साफ आहे. घोसातल्या तिन्ही शेंगांना झालर आहे.

तिसरा_डोळा
मग माझं म्हणणं मागे.

दुर्वा_ब
भोकं आहेत! पण सगळ्या घाट्यांना नाहीत, निम्म्यांना असतील. ज्यांना नाहीत तेही पोकळच.

बांधावरचा
मग दोन वेगळी दुखणी एकत्र असतील. खरंच वेगळा धागा काढा, पेरणी कधीची, पाणी कधी दिलं आणि फुलोऱ्यात थंडी-धुकं कसं होतं ते लिहा.

उन्हाळी_पाखरू
आणि फोटो ३?

बांधावरचा
त्यातून माझ्याच्याने निघत नाही. शेंगा कोवळ्या आहेत, दाणा धरलेला नाही, त्यामुळे उंचवटे मोजता येत नाहीत. बरोबर मापाला काही नाही. वरून काढल्यामुळे शेंगा सगळ्या टोकाकडून दिसतायत, लांबी कळत नाही. पानं मूग-उडदाची आहेत, इतकं नक्की. तूर किंवा हरभरा नाही.

नांगरट
मूग. पान बघा ना, उडदाचं पान एवढं मोठं नसतं.

बांधावरचा
पानाचा आकार वाणावर आणि पावसावर जातो. त्याच शेताचा दुसरा फोटो आहे का, बाजूने काढलेला? एखादी भरलेली शेंग उकलून दाणा दाखवला असेल तर उत्तमच. उडदाच्या दाण्यावरची पांढरी रेघ उंच उठलेली असते, मुगाची सपाट.

उन्हाळी_पाखरू
फोटो काढणाऱ्याला दुपारीच निरोप टाकलाय, अजून उत्तर नाही. नाही आलं तर मूगच ठेवते.

सालपट
नका ठेवू. माहीत नसलेल्याला 'इतर' म्हणा.

तिसरा_डोळा
'इतर' म्हणजे या तिघांपैकी नाही. 'कळलं नाही' असा पर्याय यादीत नाही, तो मागून घ्या.

उन्हाळी_पाखरू
उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचेत हो. नवा पर्याय कोण मागत बसणार. १ ला शेरा लिहिला, २ 'इतर' केला. ३ साठी रात्री परत येते.