क्लासच्या ॲपचं गोपनीयता धोरण: पालकांसाठी एवढं पुरेल का?

गणितवाले_सर (लातूर)
माझे अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास आहेत. हजेरी, टेस्टचे मार्क आणि फी दाखवणारं ॲप करून घेतलंय. ॲपवाल्यानं इंग्रजीत लांबलचक धोरण दिलंय, ते मलाच पुरतं कळलेलं नाही. पालक औसा, रेणापूर, अहमदपूर भागातले. त्यांच्यासाठी मी असं लिहिलंय: ‘आम्ही तुमच्या मुलाचं नाव, फोटो, मोबाईल नंबर, हजेरी आणि मार्क ठेवतो. ही माहिती आम्ही कोणालाही देत नाही. ती आमच्याकडे सुरक्षित आहे.’ एवढं पुरेल का? वकील मित्र म्हणतो, असं साधं लिहू नको, अडकशील.

वकिली_नांदेड
मित्राचं ऐका. ‘कोणालाही देत नाही’ हे वाक्य तुमच्या सहीचं आहे. उद्या काही निघालं तर तेच तुमच्यासमोर ठेवतील. मुलांच्या माहितीबाबत कसूर झाली तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी आहे. तेवढा लागणार नाही, पण जोखीम कशाला घ्या? इंग्रजी मसुदा तसाच ठेवा आणि खाली मराठीत दोन ओळी सारांश द्या.

स्मिता_संभाजीनगर
मी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी हेच काम करते. वकीलसाहेब, वाक्य चुकीचं आहे हे खरं, पण साधं आहे म्हणून नाही. ते खोटं आहे म्हणून.

सर, एका दिवसाचा माग काढा. पोरगं गैरहजर राहिलं की पालकांना मेसेज जातो, म्हणजे नंबर आणि मुलाचं नाव मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे गेलं. फी ऑनलाइन भरली की पेमेंटवाल्याकडे नोंद झाली. मार्क ज्या सर्व्हरवर आहेत तो भाड्याचा. ॲप बनवणाऱ्याकडे त्या सर्व्हरचा पासवर्ड आहेच. झाले की चार जण! मग असं लिहा:

‘गैरहजेरीचा मेसेज पाठवण्यासाठी तुमचा नंबर आणि मुलाचं नाव मेसेज कंपनीला जातं. मार्क जात नाहीत. ॲप दुरुस्त करणारा माणूस आमच्या सांगण्यावरूनच माहिती उघडू शकतो. दुसऱ्या क्लासला, कॉलेजला किंवा ॲडमिशन एजंटला आम्ही नंबर देत नाही.’

शेवटचं वाक्य पालकांना खरं हवं असतं. दहावीचा निकाल लागला की कोणकोणाचे फोन सुरू होतात, ते मराठवाड्यातल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे. पण तुमच्या ऑफिसातली मुलगी एक्सेल शीट कोणाला पाठवत नाही याची खात्री असेल तरच ते लिहा.

आणि सारांशाचं म्हणाल तर कायदाच सांगतो की कोणती माहिती कशासाठी घेतली हे सूचनेत लिहा, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय ठेवा. मराठी त्यात आहे. नियम म्हणतात की सूचना बाकी कागदांशिवाय स्वतंत्रपणे समजली पाहिजे. खरी सूचना इंग्रजीत लपवून खाली दोन ओळी ठेवल्या तर ते बसत नाही.

परभणीकर७१
एवढी घाई कशाला? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य भागाला अठरा महिने दिलेत. म्हणजे २०२७ चा मे. आणि हा कायदा क्लासवाल्यांना जमणारच नाही. १८ वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवायला बंदी आहे, मग हजेरी तरी कशी घेणार?

स्मिता_संभाजीनगर
तारखेचं बरोबर. पण जूनमधली बॅच अकरावीची असेल तर ती मुलं २०२७ च्या मेमध्ये तुमच्याकडेच असतील.

हजेरीचं तसं नाही. शिक्षणासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शिक्षणसंस्थांना नियमांत सूट आहे. खासगी क्लास ‘शिक्षणसंस्था’त येतो असं मी धरते, पण त्यावर निकाल आलेला नाही. जाहिरातीला मात्र ही सूट नाही. केमिस्ट्रीत कमी मार्क पडले म्हणून त्याच पोराला क्रॅश कोर्सची जाहिरात दाखवली तर अडचण आहे. फुकटात मिळालेल्या ॲपमध्ये जाहिरातीचा तुकडा आधीच घातलेला असतो. सर, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या ॲपला कोणत्या परवानग्या आहेत ते बघा. हजेरी-मार्कच्या ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट कशाला? तिथं दिसणारी गोष्ट धोरणात नसेल तर धोरण खोटं आहे.

निकिता_आई
मला कायद्यातलं कळत नाही. आमच्या मुलीचा फोटो, नाव आणि मार्क एका क्लासनं चौकात फ्लेक्सवर लावले. काढा म्हटलं तर म्हणे प्रवेश अर्जावर तुमची सही आहे. होती, पण फी भरण्याच्या गडबडीत कोण वाचतं? महिनाभर तिला ओळखीचे-अनोळखी लोक थांबवून बोलत होते.

स्मिता_संभाजीनगर
ताई, हे धोरणात वेगळं विचारायला हवं. शिकवण्यासाठी फ्लेक्स लागत नाही, म्हणून ‘फोटो दिला नाही तर प्रवेश नाही’ असं जोडता येत नाही. सर, फोटोची ओळ कडेला घ्या: ‘निकालाच्या जाहिरातीत मुलाचा फोटो वापरू का? हो / नाही. नाही म्हटलं तरी क्लासमध्ये काहीच बदलणार नाही. हो म्हटलं तरी नंतर कधीही फोन करून बंद करता येईल.’

वकिली_नांदेड
लातूरमध्ये फ्लेक्सशिवाय क्लास चालतो का हो? ताईंचं दुःख मला कळतं, पण सगळ्यांनी ‘नाही’ केलं तर सर बॅच कशी भरणार? शिवाय छापून लागलेला फ्लेक्स फोन केल्यावर कसा मागे घेणार?

स्मिता_संभाजीनगर
मग ‘लावलेला फ्लेक्स अमुक दिवसांत उतरवू’ असं लिहा. दिवस ठरवल्याशिवाय लिहिता येणार नाही, हाच फायदा आहे.

राहुल_निलंगा
लाइव्ह लेक्चर आहेत का ॲपवर? फी किती?

केज_मास्तर
आमच्याकडची अडचण वेगळी. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीकडं. घरातला एकच चांगला फोन पोराकडं. ओटीपी येतो तो पोराच्याच हातात, तोच ‘पालक’ म्हणून टाकतो. त्याला १६ वर्षं. संमती कोणाची धरायची?

स्मिता_संभाजीनगर
पोराची नाही, एवढं नक्की. संमती देणारा प्रौढ आणि पालक आहे याची खात्री क्लासनं करायची असते. त्यासाठी ओटीपी कमकुवत आहे. प्रवेशाच्या दिवशी आई किंवा बाप समोर असेल तर तिथंच ओळखपत्र बघून सही घ्या, आणि ते कारखान्यावर असताना कोणता नंबर चालतो तेही लिहून घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स मात्र ठेवू नका, ‘बघितलं’ एवढी नोंद पुरते असं माझं मत.

केज_मास्तर
आणि पोराला आजीच घेऊन आली तर? ती कायद्यानं पालक आहे का?

स्मिता_संभाजीनगर
आपोआप नाही. फोनवर आईबापाशी बोलून नोंद ठेवणं हा मधला मार्ग. तो या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळासमोर टिकेल का, मी सांगू शकत नाही.

वकिली_नांदेड
बघा, शेवटी आलंच माझ्याकडं!

गणितवाले_सर (लातूर)
ॲपवाल्याला फोन केला. कॉन्टॅक्टची परवानगी ‘पुढं लागेल म्हणून’ टाकली होती म्हणे. काढायला सांगितली. आता एक प्रश्न. क्लास सोडल्यावर सगळं पुसू असं लिहिणार होतो, पण आमचा सीए म्हणतो फीच्या पावत्या जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात.

स्मिता_संभाजीनगर
मग दोन्ही लिहा. ‘मार्क, हजेरी आणि फोटो बारावीच्या निकालानंतर तीन महिन्यांत पुसतो. फीच्या पावत्या हिशेबाच्या कायद्यामुळे सात-आठ वर्षं ठेवतो, त्यावर नाव आणि रक्कम असते.’ पण त्याआधी एक सांगा. जुन्या बॅचच्या नंबरांची यादी कुणाकुणाच्या फोनवर आहे?

गणितवाले_सर (लातूर)
ती यादी रिसेप्शनच्या फोनवर आहे, माझ्या भावाच्या लॅपटॉपवर आहे, आणि मागच्या वर्षी सोडून गेलेल्या फिजिक्सच्या सरांकडेही असणार. त्यांचा स्वतःचा क्लास सुरू झालाय.