अनुभव धागा: ईमेलमधले चित्र गेले, पण दिसले नाही

धागाकर्ती: आमच्या कारखान्यातून एका पुरवठादाराला आरेखनातला बदल ईमेलने कळवला होता. भोकाचे माप १२ मिमीवरून १४ मिमी झाल्याचे चित्रावर लाल वर्तुळ काढून दाखवले होते आणि मजकुरात फक्त ‘खालील बदल पाहावा’ एवढेच लिहिले होते. त्यांच्या आउटलुकमध्ये चित्राच्या जागी रिकामी चौकट आली आणि चाळीस नग जुन्या मापाने तयार झाले. पाठवण्यापूर्वी मी माझ्या जीमेलवर तपासले होते, तेव्हा चित्र व्यवस्थित दिसत होते. असे कोणाकोणाचे झाले आहे?

मिरजकर: माझी अडचण निराळी आहे. फोटो जोडताना जीमेलची २५ एमबीची मर्यादा आडवी येते, त्यामुळे मी फोटो लहान करूनच पाठवतो. आपणही तसे करून पाहावे.

टपालखाते: येथे आकाराचा प्रश्न दिसत नाही. आपले चित्र बहुधा ईमेलमध्ये नव्हतेच. तेथे सर्व्हरवरच्या चित्राचा केवळ पत्ता होता. असे चित्र आणले की ईमेल केव्हा उघडले हे पाठवणाऱ्याला कळू शकते, म्हणून आउटलुक ते आपणहून आणत नाही आणि वरच्या पट्टीत परवानगी मागते. जीमेल मात्र २०१३पासून अशी चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवते, त्यामुळे आपली तपासणी फसली. जीमेलमध्ये `Show original` उघडून `img src` पाहावे. तेथे `https` असेल तर चित्र बाहेर आहे, `cid` असेल तर ते ईमेलसोबतच गेले आहे. उदाहरणार्थ:

```
<img src="cid:bhok14" alt="भोक १२ ऐवजी १४ मिमी">
```

अक्षरा: त्यापेक्षा चित्र बेस६४ने अक्षरांत बदलून थेट एचटीएमएलमध्येच घालावे, म्हणजे काहीच अडत नाही. माझ्या मॅकवर ते उत्तम दिसते.

टपालखाते: ॲपल मेलमध्ये दिसते हे खरे आहे, परंतु जीमेल तसे चित्र दाखवत नाही. मी ते करून पाहिले आणि सोडून दिले.

धागाकर्ती: पाहिले, `https`च होते. काल `cid` वापरून पुन्हा पाठवले. तीन ग्राहकांकडे चित्र दिसले. त्या पुरवठादाराकडे मात्र चित्राच्या जागी `[cid:bhok14]` एवढी अक्षरे उमटली.

टपालखाते: मग त्यांच्याकडे ईमेलचा साधा मजकूर केला जात असावा. ते आउटलुकच्या सेटिंगमुळे होते की कार्यालयाच्या सुरक्षा यंत्रणेमुळे, हे त्यांच्या संगणक विभागालाच सांगता येईल. तेथे `alt`मधला पर्यायी मजकूरही टिकेलच असे नाही, म्हणून माप मजकुरातच लिहावे.

धागाकर्ती: त्यांच्या संगणक विभागाला विचारले आहे, उत्तर आलेले नाही. तोवर ‘भोक १२ ऐवजी १४ मिमी’ हे पहिल्याच ओळीत लिहिते आणि आरेखन पीडीएफ म्हणून जोडते. ती पीडीएफ तरी उघडते का, हे दर वेळी फोन करून विचारते.